खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर, कुबड्या आणि व्हीलचेअर : डिस्चार्जच्या कागदावरचं इंग्रजी आजींना कसं समजावायचं?

घरात पाय घसरून पडलेल्या ७६ वर्षांच्या एका आजींचं उदाहरण घेऊ. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टरांनी मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला आणि काही दिवसांनी त्या घरी आल्या. सोबत वॉकर होता आणि इंग्रजीत छापलेला एक कागद. त्यावर 'वेट बेअरिंग अॅज टॉलरेटेड' असं लिहिलं होतं. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, "सहन व्हायला लागेल तेव्हा पाय टेकवा." मग आजी उजवा पाय उचलून धरायच्या आणि डाव्या पायावर उड्या मारत संडासापर्यंत जायच्या.

त्या कागदाचा खरा अर्थ उलटा होता. ऑपरेशनच्या पायावर आजपासूनच भार टाकायचा, दुखणं सोसवेल तेवढा. पाय हवेत धरल्यावर खुब्याभोवतीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. म्हणजे भार टाळायला गेलं तरी सांध्याला विश्रांती मिळत नाही. वर या वयात एका पायावर उड्या मारताना तोल जाऊन पुन्हा पडण्याची भीती मोठी.

भार किती टाकायचा, हे कागदावर कसं लिहिलेलं असतं?

साधारण चार प्रकारच्या सूचना असतात.

'वेट बेअरिंग अॅज टॉलरेटेड' म्हणजे सोसवेल तेवढा भार आतापासून टाकायचा. 'पार्शल' म्हणजे डॉक्टरांनी ठरवून दिलेला थोडाच भार. 'टो टच' म्हणजे पाऊल फक्त तोल सांभाळण्यासाठी जमिनीला लावायचं, जणू पायाखाली अंडं आहे आणि ते फुटता कामा नये. याचा अर्थ चवड्यावर चालायचं असा नाही. 'नॉन वेट बेअरिंग' म्हणजे पाय अजिबात टेकवायचा नाही.

अर्धा भार म्हणजे किती, हे शब्दांत सांगून कळत नाही. त्यासाठी घरातला वजनकाटा वापरता येतो. रुग्णाचं वजन ५६ किलो असेल आणि डॉक्टरांनी निम्मा भार सांगितला असेल, तर वॉकर धरून ऑपरेशनचा पाय काट्यावर ठेवायचा आणि दुसरा पाय तेवढ्याच उंचीच्या पक्क्या फळीवर. काटा २८ दाखवेपर्यंत हळूहळू दाब द्यायचा. काटा मदतनीसाने वाचायचा, कारण रुग्णाने खाली वाकायचं नाही. दोन-तीनदा केलं की पायाला अंदाज येतो.

वॉकरची उंची कशी तपासायची?

रुग्णाने रोजची चप्पल घालून वॉकरच्या आत सरळ उभं राहायचं आणि हात बाजूला सैल सोडायचे. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. खांदे कानांकडे चढले तर वॉकर उंच आहे, पाठीत वाकावं लागलं तर ठेंगणा आहे. चारही पायांची बटणं एकाच भोकात बसली आहेत ना, हे पाहायचं. खालची रबरी टोपणं गुळगुळीत झाली असतील तर बदलायची. झिजलेलं टोपण ओल्या फरशीवर सरकतं.

चालण्याचा क्रम कोणता?

आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, शेवटी चांगला पाय. वॉकर एका छोट्या पावलाएवढाच पुढे ठेवायचा आणि त्याचे चारही पाय जमिनीला टेकल्यावरच पाऊल उचलायचं. आता हातांवर जोर देत ऑपरेशनचा पाय वॉकरच्या मध्यापर्यंत आणायचा आणि मग चांगला पाय त्याच्या बरोबरीला. वॉकर फार पुढे ठेवला तर शरीर ओढलं जातं. पाऊल पुढच्या दांडीपर्यंत गेलं तर तोल मागे जातो.

वळणं हा खरा धोक्याचा क्षण. अनेकांना पाऊल जमिनीवर रोवून नुसती कंबर वळवायची सवय असते. उजवं पाऊल रोवून शरीर उजवीकडे वळवलं की उजवा खुबा आतल्या बाजूला पिळतो. खुब्याच्या मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल, तर याच हालचालीने नवा गोळा खोबणीतून निसटू शकतो. म्हणून वॉकर थोडा वळवायचा, पावलं उचलून ठेवायची, पुन्हा थोडा वळवायचा. शक्यतो चांगल्या पायाच्या बाजूने वळायचं.

बसताना-उठताना काय चुकतं?

मागच्या बाजूने ऑपरेशन झालेल्यांना सहसा तीन बंधनं असतात. खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचं नाही. बहुधा ती सहा ते बारा आठवडे असतात, पण मुदत सर्जनच ठरवतात. पुढच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर बंधनं वेगळी असतात, आणि मोडलेलं हाड रॉड किंवा स्क्रूने जोडलं असेल तर ही तीन बंधनं बहुतेक वेळा नसतातच. त्यामुळे शेजारच्या काकांना सांगितलेले नियम आपल्या आजींना लावायचे नाहीत. डिस्चार्जच्या वेळी विचारायचा प्रश्न एकच : "ऑपरेशन कोणत्या बाजूने आणि कोणतं झालं, आणि काय करायचं नाही?"

आपल्या आजींना ही तिन्ही बंधनं होती. 'काटकोन' हा शब्द त्यांना कळला नाही. "बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जायला नको," हे मात्र लगेच कळलं. म्हणजे पाट, जमिनीवरची बैठक, देशी संडास आणि खोल सोफा बंद. उभं राहिल्यावर गुडघ्यामागची घडी जमिनीपासून ४२ सेंटिमीटरवर येत असेल, तर खुर्चीची बैठक त्याहून चार-पाच सेंटिमीटर उंच आणि टणक हवी, हात टेकायला दांड्या हव्यात. कमोडवरही उंची वाढवणारी बैठक बसवता येते.

बसताना दोन्ही पायांना मागून खुर्ची लागेपर्यंत मागे सरकायचं. ऑपरेशनचा पाय थोडा पुढे सरकवायचा. एक हात खुर्चीच्या दांडीवर, मग दुसरा, आणि हळूच बसायचं. उठताना याच्या उलट. खुर्चीच्या कडेला सरकायचं आणि ऑपरेशनचा पाय पुढेच ठेवून दांड्यांवर जोर देत उठायचं. वॉकर धरून स्वतःला ओढून उठायचं नाही. त्याने वॉकर अंगावर उलटतो. उभं राहिल्यावर क्षणभर थांबायचं, चक्कर नाही ना ते पाहायचं, मगच चालायचं.

कुबड्या केव्हा, आणि जिन्यावर काय?

कुबड्यांवर तोल सांभाळणं वॉकरपेक्षा अवघड असतं. त्यामुळे वयस्कर रुग्णाने फिजिओथेरपिस्टने शिकवल्याशिवाय त्या घेऊ नयेत. कुबडीचं वरचं टोक आणि काख यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं. भार तळहातांवर टाकायचा. कुबडीवर काखेने लोंबकळलं तर तिथली नस दबते. हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा मनगट उचलेनासं झालं तर हेच कारण असू शकतं. अशा वेळी कुबड्या थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

आजींचं घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. साधा वॉकर जिन्यावर वापरत नाहीत. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हातात एक कुबडी, अशी पद्धत त्यांना दवाखान्यात शिकवली. चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर, मग ऑपरेशनचा पाय आणि कुबडी. उतरताना आधी कुबडी, मग ऑपरेशनचा पाय, शेवटी चांगला पाय. कारण सोपं आहे. शरीर वर उचलण्याचं आणि सावरत खाली सोडण्याचं कष्टाचं काम दोन्ही वेळा चांगला पायच करतो. मदतनीसाने नेहमी खालच्या बाजूला राहायचं, म्हणजे चढताना रुग्णाच्या मागे आणि उतरताना पुढे.

व्हीलचेअरमध्ये कोणता धोका असतो?

व्हीलचेअर लांबच्या अंतरासाठी, उदाहरणार्थ टाके दाखवायला दवाखान्यात जाताना. दिवसभर बसून राहण्यासाठी नाही. घडीच्या व्हीलचेअरची कापडी बैठक झोळीसारखी खाली जाते. मग गुडघे वर येतात आणि 'काटकोनाचा' नियम नकळत मोडतो. त्यावर टणक उशी ठेवायची.

बसण्या-उठण्याआधी दोन्ही चाकांचे ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडायच्या. त्या पट्टीवर उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडते. खाली पडलेली चप्पल बसल्या जागेवरून वाकून उचलायची नाही, दुसऱ्याला सांगायची. उतारावर मदतनीसाने खुर्ची उलटी धरून, स्वतः खालच्या बाजूला राहून, मागे पाहत हळूहळू उतरवायची.

काय दिसलं तर थांबायचं?

खुब्यात अचानक जोराची कळ आली, पाय आखूड दिसू लागला, आत किंवा बाहेर वळला आणि त्यावर उभंच राहता येईना, तर सांधा निखळला असण्याची शक्यता असते. पाय ओढून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, उभं करायचं नाही. आहे त्या स्थितीत ठेवून १०८ ला फोन करायचा. छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली तरीही १०८. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, जखमेतून स्राव आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

भिंतीवर लावायचा कागद

आजींच्या नातवाने इंग्रजी कागद शब्दाला शब्द उतरवला नाही. 'ऑपरेटेड लेग' असं लिहिण्याऐवजी त्याने थेट 'उजवा पाय' लिहिलं आणि मोठ्या अक्षरांतला कागद पलंगासमोर लावला :

१. आधी वॉकर, मग उजवा पाय, मग डावा.
२. उजव्या पायावर भार टाका. सोसेल तेवढाच.
३. वळताना पाऊल उचला. जागेवर फिरू नका.
४. खुर्ची पायांना मागून लागली की मगच बसा.
५. पायावर पाय नको. खाली वाकणं नको.
६. रात्री उठायचं तर आधी दिवा, मग चप्पल, मग वॉकर.

सहावी ओळ दवाखान्याच्या कागदावर नव्हती. ती सुनेने सांगितली, कारण आजी रात्री दोनदा उठतात हे तिला माहीत होतं. त्याच दिवशी तिने पलंगापासून संडासापर्यंतची पायपुसणी उचलली, मागे पट्टा असलेली चप्पल आणली आणि आजींना म्हणाली, "आई, महिनाभर गाऊनच घाला. साडीचा काठ वॉकरच्या पायाखाली येतो." नंतर तिने कागद काढून घेतला आणि आजींनाच विचारलं, "आता सांगा, आधी काय?" आजी म्हणाल्या, "उजवा पाय." मग वॉकरकडे पाहून त्यांनीच दुरुस्ती केली, "नाही, आधी हा."