‘एवढी नावं बसवा’: घरकुलाच्या यादीवरचा दबाव कसा चालतो

मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत नव्या गटविकास अधिकारी रुजू होतात. पहिल्या आठवड्यातच माजी सभापती, दोन सरपंच आणि चार कार्यकर्ते त्यांच्या दालनात येतात. सत्काराची शाल बाजूला ठेवली जाते आणि टेबलावर एक कागद सरकतो. ‘‘मॅडम, ही पस्तीस नावं आहेत. एवढी घरकुलात बसवा. बाकी तालुक्यात तुम्हाला कसलाच त्रास होणार नाही.’’

ही अधिकारी आणि पुढे येणारं गाव कोणत्याही एका ठिकाणचं नाही. यादीचं काम कसं चालतं आणि ते कुठे वाकवलं जातं हे नीट दिसावं, म्हणून हे उदाहरण रचलेलं आहे. नियम आणि पळवाटा मात्र खऱ्या आहेत.

सामान्य माणसाला वाटतं, बीडीओंनी मनावर घेतलं की नाव यादीत येतं. कार्यकर्त्यांनाही तसंच सांगायला आवडतं. प्रत्यक्षात प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये गटविकास अधिकाऱ्याला स्वतःच्या सहीने एकही नवं नाव यादीत घालता येत नाही. ही योजना 2016 मध्ये इंदिरा आवास योजनेच्या जागी आली, ती नेमकी याच कारणासाठी. आधी दारिद्र्यरेषेच्या यादीतून नावं निवडली जायची आणि त्यात गावपुढाऱ्यांना मोठा वाव होता. नव्या योजनेत 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणाचा आधार घेतला गेला. त्यातून तयार झालेली यादी गावात ‘ब’ यादी म्हणून ओळखली जाते. त्यात सुटलेल्यांसाठी 2018 पासून आवास प्लसचं सर्वेक्षण झालं, ती ‘ड’ यादी. यादीतला क्रम ठरतो तो घराच्या अवस्थेवरून. बेघर कुटुंब आधी, मग कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेली एका खोलीची, त्यानंतर दोन खोल्यांची घरं. त्यातही घरात कमावता प्रौढ नाही, कुटुंबप्रमुख बाई आहे, कुटुंब भूमिहीन मजुरीवर जगतं, अशांना वरचा क्रम मिळतो.

मग बीडीओंच्या हातात काय असतं? तालुक्याला आलेलं उद्दिष्ट गावनिहाय आणि प्रवर्गनिहाय राबवणं, ग्रामसेवकाने केलेली पडताळणी तपासणं, मंजुरी आदेश काढणं आणि बांधकामाच्या टप्प्यानुसार हप्ते सोडायला मान्यता देणं. एका घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. स्वच्छतागृहाचे 12 हजार आणि रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी वेगळी. नाव घालण्याची वाट अशी बंद असल्यामुळे जाणता पुढारी दुसरी वाट धरतो. आपला माणूस वर चढवता येत नसेल, तर त्याच्या वरची माणसं काढून टाकायची.

माजी सभापतींच्या पस्तीस नावांतला एक कार्यकर्ता आपण घेऊ. त्याच्या गावात इतर प्रवर्गासाठी 12 घरकुलांचं उद्दिष्ट आलं आहे आणि प्रतीक्षा यादीत त्याचा क्रमांक 19 आहे. सरळ मार्गाने त्याची पाळी यंदा येत नाही. पण ग्रामसभेला एक अधिकार आहे: यादीतलं कुटुंब अपात्र असेल तर कारण नोंदवून ते वगळण्याची शिफारस करता येते. हा अधिकार योग्यच आहे, कारण कोणाचं घर पक्कं झालंय हे गावालाच ठाऊक असतं. या गावाच्या ग्रामसभेने एका ठरावात पहिल्या 18 जणांपैकी 9 नावं वगळली. कार्यकर्ता 19 वरून थेट 10 वर आला. यादीत एकही नाव कोणी ‘घातलं’ नाही, तरी काम झालं.

ठराव ग्रामसेवकाच्या सहीने, सरपंचाच्या शिक्क्याने, व्यवस्थित टाईप होऊन पंचायत समितीत आला. कागदावर चूक काहीच नव्हती. नव्या मॅडमनी त्यावर लगेच सही केली नाही, त्यांनी मूळ इतिवृत्त आणि हजेरीची वही मागवली. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असलेली संख्या लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. इथे तेच झालं होतं. पहिली सभा माणसं नाहीत म्हणून तहकूब झाली आणि दुसऱ्या सभेत मोजक्या लोकांच्या सह्यांवर 9 कुटुंबं बाद झाली. तारीख होती डिसेंबरची.

त्या तारखेतच सगळी मेख होती. मराठवाड्यातल्या अनेक गावांतली भूमिहीन कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. वगळलेल्या 9 पैकी 3 कुटुंबांपुढे ‘कायमस्वरूपी स्थलांतरित’ असं कारण लिहिलं होतं. ती कोयता घेऊन कारखान्यावर गेली होती. मतदार यादीत नावं गावातच, रेशन गावातच, मुलांपैकी दोन जण आजीजवळ राहून गावच्याच शाळेत. म्हणजे ज्या गरिबीमुळे त्यांना यादीत वरचा क्रम मिळाला, त्याच गरिबीचा उपयोग त्यांना काढण्यासाठी झाला.

पुढच्या 2 कुटुंबांपुढे ‘स्वतःची जागा नाही’ असं कारण होतं. हे कारण राज्यभर सर्रास लावलं जातं आणि ते चुकीचं आहे. जागा नसणं ही अपात्रता नाही. अशा कुटुंबाला शासकीय जागा देणं किंवा पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून 1 लाख रुपयांपर्यंत मदत मिळवून देणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे. अपात्रतेच्या निकषांची यादी ठरलेली आहे: पक्कं घर, चारचाकी, घरात सरकारी नोकरी, आयकर भरणारा सदस्य, अडीच एकर किंवा त्याहून जास्त बागायत, असे ते निकष. 2024 मध्ये ते सैल करून दुचाकी आणि फ्रीजसारखी कारणं काढून टाकली गेली. त्यामुळे ‘दारात मोटारसायकल आहे’ म्हणून कोणी आज नाव कापत असेल, तर तेही चूक.

सहाव्या नावापुढे ‘घर बांधले आहे’ असं लिहिलं होतं. गृहनिर्माण अभियंत्याला तिथे पाठवलं, तेव्हा त्याला चार बल्ल्यांवर टाकलेले पत्रे आणि कुडाच्या भिंती दिसल्या. उरलेली 3 नावं मात्र खरोखर वगळण्यासारखी होती: दोन मृत आणि बेवारस, एकाचं स्लॅबचं घर. 6 नावं परत घेतली की कार्यकर्ता 19 वरून 16 वर येतो, आणि घरकुलं आहेत 12.

फोन इथून सुरू होतात. आधी समजावणीचा सूर असतो: ‘‘मॅडम, ग्रामसभा सर्वोच्च आहे, तुम्ही तिच्या आड येताय.’’ मग दुसरा: ‘‘वरून बोलणं झालंय, तुम्ही फक्त सही करा.’’ शेवटी बदलीचा विषय निघतो. 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक पंचायत समित्यांची मुदत संपल्यावर बराच काळ निवडणुका झाल्या नाहीत. त्या काळात बीडीओच प्रशासक झाले आणि पूर्वी सभागृहात होणारी ओढाताण थेट त्यांच्या केबिनमध्ये आली. दुसऱ्या बाजूने उद्दिष्टाची घाई असते. 22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्यात एकाच कार्यक्रमात राज्यातल्या 20 लाख लाभार्थींना मंजुरी आणि 10 लाखांना पहिला हप्ता देण्यात आला. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या आधीचे आठवडे तालुक्यात कसे जातात हे कर्मचाऱ्यांना विचारावं. रोज संध्याकाळी आढावा, रोज टक्केवारी. अशा वेळी हजेरीची वही मागवणारा अधिकारी काम अडवतोय असं वरच्यांनाही वाटू लागतं.

अशा अधिकाऱ्याला आधार असतो तो कागदाचा. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात स्पष्ट सांगितलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवून घ्यावेत. राज्याच्या 2005 च्या बदली कायद्यानुसारही मुदतीआधीची बदली कारणं लेखी नोंदवल्याशिवाय करता येत नाही. हा कायदा बदली थांबवेलच असं नाही, पण मागे कागद ठेवतो. आपल्या मॅडमनी तेवढंच केलं. प्रत्येक शिफारस लेखी मागितली आणि आवक नोंदवहीत घेतली. पस्तीसपैकी नऊ जणांनी लेखी दिलं, बाकीचे थांबले. अपात्रतेचा ठराव कारणांसह ग्रामपंचायतीला परत गेला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना त्याच दिवशी अहवाल गेला. ऊसतोड कामगार परतल्यावर एप्रिलमध्ये विस्तार अधिकाऱ्याच्या उपस्थितीत, चित्रीकरणासह पुन्हा ग्रामसभा झाली.

यात एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पुढाऱ्याच्या पस्तीस नावांत सगळीच खोटी नव्हती. तपासात सात कुटुंबं अशी निघाली की त्यांची घरं खरोखर पडकी होती, पण ती दोन्ही सर्वेक्षणांतून सुटली होती. सर्वेक्षणाच्या वेळी कोणी बाहेरगावी होतं, कोणाकडे आधार नव्हतं, कोणाचं नाव भावाच्या रेशनकार्डावर होतं. अशा माणसाला अर्ज कुठे करायचा हे माहीत नसतं, म्हणून तो पुढाऱ्याच्या ओट्यावर जातो. त्या सातांना मॅडम यादीत ‘बसवू’ शकत नव्हत्या, पण आवास प्लसच्या नव्या सर्वेक्षणात त्यांची नोंद करून घेऊ शकत होत्या. तेवढं झालं. दबावाला उत्तर देताना खऱ्या गरजूला पुढाऱ्याचा माणूस ठरवून हाकलणं हाही अन्यायच.

यादी बिघडण्याची तिसरी जागा म्हणजे सर्वेक्षणाचा फोटो. पक्क्या घरातला माणूस शेजाऱ्याच्या गोठ्यासमोर उभा राहतो आणि मोबाईल ॲपमध्ये तो गोठा त्याचं घर म्हणून नोंदतो. हे ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. एकाच पडवीपुढे दोन वेगळी माणसं दिसतात किंवा फोटोचं ठिकाण गावठाणाबाहेर शेतात निघतं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहिला तर त्याच माणसाच्या नावावर आरसीसी घराची घरपट्टी सापडते. दोन कागद शेजारी ठेवायची तयारी हवी, एवढंच.

प्रामाणिक अधिकारी एका तालुक्यात दोन-तीन वर्षं असतो, गाव मात्र कायम असतं. म्हणून शेवटचा शब्द वाचकांसाठी. तुमच्या गावची प्रतीक्षा यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. घरकुलाचा विषय असलेली ग्रामसभा मजूर बाहेर असताना ठेवली असेल, तर ती पुढे ढकलण्याची लेखी मागणी करा. सभा तहकूब झाली तर दुसऱ्या सभेलाही जा, कारण नावं बहुधा तिथेच कापली जातात. नाव वगळलं असेल तर ठरावाची प्रत मागा, त्यातलं कारण वाचा, आणि ते खोटं असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. जिल्हास्तरावर अपिलाची समिती आहे, तिथपर्यंत जाण्याचा हक्क प्रत्येक वगळलेल्या कुटुंबाला आहे.