माल निघण्याआधीचे बिल आणि निघतानाचे बिल

सांगलीच्या मार्केट यार्डात वर्षानुवर्षे हळदीचे सौदे करणाऱ्या व्यापाऱ्याला बिल कसे करायचे हे कुणी शिकवावे लागत नाही. माल तोलला, भाव लावला, बिल फाडले. हाच व्यापारी पहिल्यांदा मोरोक्कोला हळकुंडे पाठवायचे ठरवतो आणि कासाब्लांकाच्या आयातदाराचा फ्रेंचमधला ईमेल येतो. आधी 'फाक्त्यूर प्रोफॉर्मा' पाठवा, माल लादला की 'फाक्त्यूर कोमेर्सियाल' पाठवा. पोती अजून गोदामात आहेत, वजन झालेले नाही, जहाज ठरलेले नाही. मग आत्ताच बिल कशाचे मागतोय हा?

त्याला पैसे मागणारे बिल नकोच आहे, त्याला बँकेत दाखवायला कागद हवा आहे. मोरोक्कोत आयात करायची तर आयातदाराला आयातीचा लेखी बंधपत्रवजा अर्ज भरून तो आपल्या बँकेकडे नोंदवावा लागतो. या अर्जाला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस जोडावे लागते. माल कोणता, किती आणि कोणत्या दराने येणार, हे बँक त्यावरून पाहते. अल्जीरियातही बँकेची पायरी अशीच या कागदापासून सुरू होते. थोडक्यात, प्रोफॉर्मा ही विक्रेत्याने लिहून दिलेली तयारी असते: एवढा माल, या दराने, या अटींवर, अमुक तारखेपर्यंत द्यायला मी तयार आहे. त्याची नोंद विक्रीखात्यात होत नाही, जीएसटीच्या विवरणात ते जात नाही आणि त्याच्या जोरावर येणे लागते असेही म्हणता येत नाही.

कमर्शियल इन्व्हॉइस मात्र झालेल्या विक्रीचे बिल आहे. कस्टममध्ये शिपिंग बिल भरताना तेच लागते, पलीकडच्या बंदरात आयातशुल्क त्याच्यावरच ठरते आणि बँकेतून पैसे सुटतात तेही त्याच्यावरच.

आपल्या व्यापाऱ्याचा सौदा समजा असा आहे. पॉलिश केलेली हळकुंडे, 18 हजार किलो, 25 किलोची 720 पोती. विमा आणि भाडे धरून कासाब्लांकापर्यंतचा दर किलोला 1.80 डॉलर, एकूण 32,400 डॉलर. पैसे लेटर ऑफ क्रेडिटने, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीपत्राने. दर नुसता उदाहरणापुरता धरला आहे.

परक्या भाषेतली पहिली ठेच इथेच लागते आणि ती शब्दांना नव्हे, आकड्यांना लागते. आपण 18,000 लिहितो, तेव्हा स्वल्पविराम हजार दाखवतो. फ्रेंच पद्धतीत स्वल्पविराम दशांशाचा असतो, म्हणून तिथल्या कारकुनाला तेच 'अठरा किलो, दशांश शून्य शून्य शून्य' दिसू शकते. उलट त्यांच्या कागदावरचे 1,80 पाहून आपण गोंधळतो. व्यवहारी उपाय साधा आहे: वजन टनांत आणि किलोंत दोन्ही लिहायचे, एकूण रक्कम अक्षरांतही लिहायची. तारखेतला महिनाही शब्दांत असावा. दोन कागदांतला फरक ओळखायलाही भाषा पुरती यावी लागत नाही. 'अमुक तारखेपर्यंत वैध' अशी ओळ आणि पैसे भरण्यासाठी विक्रेत्याच्या बँकेचा तपशील असेल, पण जहाजाचे नाव, कंटेनर क्रमांक आणि शिपिंगची तारीख नसेल, तर कागद बहुधा प्रोफॉर्मा असतो.

प्रोफॉर्मा बंधनकारक बिल नाही, म्हणून पुष्कळ नवखे निर्यातदार ते घाईत खरडून देतात. हिशेब बिघडतो तो इथे. खरेदीदार त्यावर सही करून परत पाठवतो तेव्हा तो प्रस्तावाचा स्वीकार ठरू शकतो. शिवाय बँकेत लेटर ऑफ क्रेडिट उघडताना मालाचे वर्णन तो बहुतेक वेळा प्रोफॉर्मावरूनच जसेच्या तसे उतरवतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात लेटर ऑफ क्रेडिटसाठी जुलै 2007 पासून चालत आलेले 'यूसीपी 600' हे नियम सांगतात की कमर्शियल इन्व्हॉइसवरचे मालाचे वर्णन लेटर ऑफ क्रेडिटमधल्या वर्णनाशी जुळले पाहिजे आणि चलनही तेच हवे. प्रोफॉर्मात 'डबल पॉलिश' लिहून टाकले आणि प्रत्यक्षात साधी पॉलिश हळकुंडे भरली, तर खरे लिहिले की बँक खोट काढणार आणि बँकेला हवे ते लिहिले की खरेदीदाराला खोटा माल विकल्यासारखे होणार. आणि बँकेला हा कागद तपासायला कामाचे जास्तीत जास्त पाच दिवस असतात, हळद नव्हे. बँक पोते उघडून बघत नाही.

आता समजा, कंटेनर भरताना आठ पोती ओली निघाली आणि बाजूला ठेवावी लागली. गेली 712 पोती, 17,800 किलो. कमर्शियल इन्व्हॉइस 32,040 डॉलरचेच झाले पाहिजे, प्रोफॉर्मावर काहीही लिहिलेले असो. 360 डॉलरचा फरक मोठा नाही. प्रश्न आहे तो लेटर ऑफ क्रेडिटमध्ये नग लिहिलेत की वजन, हा. मालाचे प्रमाण किलोत दिले असेल तर रकमेची मर्यादा ओलांडल्याशिवाय पाच टक्के कमीअधिक चालते, आणि इथली तूट जेमतेम एक टक्का आहे. पण '720 पोती' असे नगांत लिहिले असेल तर ही सवलत लागू होत नाही. तुकड्यातुकड्याने माल पाठवायलाही बंदी असेल, तर आठ पोत्यांसाठी पैसे अडकू शकतात. म्हणजे पोती लिहायची की किलो, याचा निर्णय गोदामात नव्हे, दोन महिने आधी प्रोफॉर्मा लिहिताना होऊन गेलेला असतो.

लेटर ऑफ क्रेडिटमध्ये नुसते 'इन्व्हॉइस' मागितले असले, तरी 'प्रोफॉर्मा' किंवा 'तात्पुरते' असे शीर्षक असलेला कागद बँक स्वीकारत नाही. संगणकातली जुनी फाईल उघडून त्यातच आकडे बदलणाऱ्यांना शीर्षक बदलायचे राहून गेल्याचा फटका बसतो. एक अपवाद मात्र ठाऊक हवा. कुरिअरने फुकट नमुना पाठवताना कधीकधी प्रोफॉर्माच मागितले जाते. विक्री नाही, पण कस्टमला किंमत कळायला हवी. तिथे 'फक्त कस्टमसाठी' लिहून खरी किंमत टाकतात, शून्य नव्हे.

आपल्या बाजूला, भारतात, क्रमांकाची गोष्ट राहते. कमर्शियल इन्व्हॉइसला जीएसटीच्या मालिकेतला क्रमांक हवा, सोळा अक्षरांपर्यंतचा, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. प्रोफॉर्माला हवा तो क्रमांक द्या, पण तो निराळा ठेवा आणि कमर्शियल इन्व्हॉइसवर केवळ संदर्भ म्हणून लिहा. आयजीएसटी भरून निर्यात करून परतावा मागणाऱ्यांना याचे महत्त्व 2018 च्या सुमारास चांगलेच कळले. कस्टमला एका क्रमांकाचे बिल आणि जीएसटी विवरणात दुसऱ्याच क्रमांकाचे, असे अनेकांनी केले. दोन्हीकडच्या संगणकांना जोड लागेना आणि परतावे 'SB005' या दोषसंकेताखाली अडकले. शेवटी कस्टमने अधिकाऱ्यांमार्फत दुरुस्तीची सोय केली. कर न भरता, हमीपत्रावर निर्यात करणाऱ्याला हा परतावा नसतो, पण त्याच्या बिलावर 'हमीपत्राखाली, एकात्मिक कर न भरता निर्यात' या अर्थाचा ठराविक इंग्रजी शेरा हवाच. प्रोफॉर्मावर तो नसला तरी कुणी विचारत नाही.