पैसे कोणाच्या हाती, मालकी कोणाची?

बँकेत मुदत ठेवीचा अर्ज भरताना नॉमिनीचा रकाना आला की बहुतेक कुटुंबप्रमुख जवळच्या माणसाचे नाव लिहून मोकळे होतात. ‘वारस लावला आहे’ असे घरी सांगितले जाते आणि आपल्या माघारी पैशांचे काय, हा प्रश्न मिटला असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात त्या रकान्याने एवढेच ठरते की, खातेदार गेल्यावर बँकेने रक्कम कोणाच्या हाती द्यायची. ती रक्कम शेवटी कोणाची, हे मृत्युपत्र ठरवते. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा ठरवतो. विम्याचा नियम मात्र २०१५च्या दुरुस्तीनंतर वेगळा झाला आहे, आणि घरातला सगळ्यात मोठा घोटाळा याच फरकामुळे होऊ शकतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यात राहणारे बावन्न वर्षांचे एक हिंदू गृहस्थ आहेत. घरात पत्नी, नोकरी करणारा मुलगा आणि पंचाहत्तरीची विधवा आई. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. गृहस्थांना एक सख्खी बहीण आहे. स्वतःच्या कमाईतून त्यांनी बँकेत १२ लाखांची मुदत ठेव केली आहे आणि तिला नॉमिनी म्हणून मुलाचे नाव दिले आहे, कारण बँकेची कामे तोच बघतो. शिवाय १० लाखांची एक विमा पॉलिसी आहे. ती लग्नाआधी काढलेली, म्हणून नॉमिनी आई. ते नाव बदलायचे पुढे कधी लक्षातच आले नाही. मृत्युपत्र केलेले नाही, आणि एके दिवशी हृदयविकाराने ते अचानक जातात.

आधी बँकेची ठेव पाहू. मुलगा मृत्यूचा दाखला, स्वतःचे ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज घेऊन शाखेत जातो. बँक त्याच्याकडे वारसा प्रमाणपत्र मागत नाही. कागद पूर्ण असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. १२ लाख मुलाच्या खात्यात जमा होतात आणि बँकेची जबाबदारी तिथे संपते. नॉमिनी लावण्याचा खरा फायदा हाच आहे: घरात दुःख असताना कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

पण मुलगा त्या १२ लाखांचा मालक झालेला नसतो. बँकिंग नियमन कायद्यातल्या कलम ४५ झेडएचा अर्थ सांगताना सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की, नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, मालकी मिळत नाही. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्राशी निगडित दाव्यात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच तत्त्व लागू केले. मृत्युपत्र नसल्यामुळे आपल्या उदाहरणात १९५६चा हिंदू वारसा कायदा लागू होईल. त्यानुसार आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी हे चौघे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांचा वाटा सारखा. म्हणजे प्रत्येकी ३ लाख. मुलाने स्वतःचे ३ लाख ठेवून बाकीचे ९ लाख तिघींना द्यायला हवेत. मुलीचे लग्न झाले आहे म्हणून तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

मुलाने नाही दिले तर? तिघींना बँकेशी भांडता येत नाही, कारण बँकेने कायद्याप्रमाणेच पैसे दिलेले असतात. दावा लावायचा तो मुलावर, दिवाणी न्यायालयात. तोवर त्याने त्या पैशांतून घराचे कर्ज फेडले असेल किंवा ते धंद्यात घातले असतील, तर निकाल बाजूने लागूनही वसुलीसाठी धावावे लागते. पुष्कळदा मुलाच्या मनात लबाडी नसते. नॉमिनी म्हणून आपले नाव होते, म्हणजे बाबांनी पैसे आपल्यालाच दिले, असे त्याला मनापासून वाटत असते. बहिणीने हिस्सा मागितला की तिला हाव सुटली असे वाटते आणि भावाबहिणीचे बोलणे बंद होते.

आता विम्याकडे वळू. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या नॉमिनीलाही केवळ पैसे स्वीकारणारा ठरवले होते. २०१५च्या दुरुस्ती कायद्याने विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये नवी तरतूद आली. स्वतःच्या आयुष्याच्या विम्यावर पॉलिसीधारकाने आईवडील, पती किंवा पत्नी अथवा मुले यांच्यापैकी कोणाला नॉमिनी केले असेल, तर त्या रकमेचा लाभ त्या नॉमिनीचाच, असे ही तरतूद सांगते. २६ डिसेंबर २०१४ नंतर देय होणाऱ्या जुन्या पॉलिसींनाही ती लागू आहे. भाऊ, पुतण्या किंवा मित्र नॉमिनी असेल तर त्याला हा लाभ मिळत नाही; तो पूर्वीसारखा फक्त पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा.

आपल्या गृहस्थांच्या पॉलिसीवर आईचे नाव आहे. म्हणजे कलमाच्या शब्दांप्रमाणे सगळे १० लाख आईचे. जिच्या संसारासाठी हप्ते भरले गेले, त्या पत्नीला यातले काहीच नाही. पुढे ही आईही मृत्युपत्र न करता गेली, तर तिचे पैसे तिच्या वारसांत वाटले जातील. ते वारस म्हणजे तिची मुलगी, आणि आधी वारलेल्या मुलाची मुले. त्यात ५ लाख गृहस्थांच्या बहिणीकडे जातील आणि ५ लाख नातवंडांत विभागले जातील. सून या यादीत येतच नाही. लग्नानंतर एक नाव न बदलल्यामुळे पत्नी दोन्ही वेळा बाहेर राहते.

या नव्या तरतुदीसमोर वारसा कायदा कितपत टिकतो, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. काहींनी नॉमिनीच्या बाजूने अर्थ लावला आहे, तर वारसांनी दावा केल्यास त्यांचा हक्क राहतो असेही म्हटले गेले आहे. कुटुंबप्रमुखाने यातून घ्यायचे ते एवढेच की, हा वाद आपल्या घरच्यांना लढावा लागू नये.

मग नुसते मृत्युपत्र केले असते तर भागले असते का? समजा, गृहस्थांनी ‘माझे सर्व काही पत्नीला’ असे मृत्युपत्र करून ठेवले असते. तरी बँकेने ठेवीचे पैसे मुलालाच दिले असते, कारण बँक आपल्याकडे नोंदवलेले नाव पाहते, मृत्युपत्र नाही. पण १२ लाखांची मालकी मात्र पूर्णपणे पत्नीची झाली असती आणि मुलाला ते तिच्या हवाली करणे भाग पडले असते. विम्यात गुंता जास्त. कलम ३९ मृत्युपत्रानेही नॉमिनी बदलू देते. परंतु त्या बदलाची लेखी सूचना विमा कंपनीला मिळालेली नसेल, तर कंपनीने जुन्या नॉमिनीला सचोटीने दिलेले पैसे योग्यच ठरतात. कपाटात बंद असलेल्या मृत्युपत्राची सूचना कंपनीला कोण देणार? शिवाय ‘सर्व काही’ या मोघम शब्दांत ही पॉलिसी येते की नाही, यावर वाद होणारच. म्हणून पॉलिसीवरचे नाव हयातीतच कंपनीत अर्ज देऊन बदलावे आणि बदल नोंदल्याची पोच घ्यावी.

नॉमिनी आणि मृत्युपत्र यांपैकी एक निवडायचे नसते. दोन्ही करायचे आणि दोन्हींत एकच गोष्ट लिहायची. सुरुवात आहे ते तपासण्यापासून करावी. बचत खात्याला लावलेला नॉमिनी नव्या मुदत ठेवीला आपोआप लागू होतो असे धरू नये. प्रत्येक ठेवीची पावती पाहावी. पासबुकावर नुसते ‘नॉमिनेशन नोंदवले’ एवढेच छापलेले असेल, तर शाखेत विचारून नेमके कोणाचे नाव आहे ते पक्के करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, आणि ठेवींसाठी प्रत्येकाचा टक्काही लिहिता येतो. मृत्युपत्रात पत्नीला ५० आणि दोन्ही मुलांना २५-२५ टक्के द्यायचे असतील, तर बँकेतही तेच टक्के नोंदवता येतात. पैसे थेट ज्याचे त्याच्या हाती जातात आणि कोणी कोणाकडे मागायला जायची वेळच येत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असले तर खोटेपणाचा आरोप टिकणे अवघड जाते. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनी आपल्या सह्या कराव्यात. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये. वय झालेले असेल किंवा आजारपण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला जोडावा. ठेवींचे क्रमांक नूतनीकरणात बदलतात, म्हणून ‘माझ्या नावावरील सर्व बँक खाती व ठेवी’ असे लिहावे. विमा पॉलिसीचा मात्र क्रमांक लिहावा. शेवटी ‘वर न लिहिलेली उरलेली सर्व मालमत्ता’ कोणाला, हेही सांगावे. मृत्युपत्रानंतर केलेली बचत त्या एका वाक्यात येते.

मृत्युपत्राच्या अधिकारालाही मर्यादा आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. गोव्यात निम्मा वाटा मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, आणि वारसाला द्यायची तर इतर वारसांची संमती लागते. अशा ठिकाणी वकिलाचा सल्ला घेऊनच मसुदा करावा.

आपल्या उदाहरणातले गृहस्थ हयात असते, तर त्यांनी आईच्या जागी पत्नीचे नाव लावताना अडखळणे स्वाभाविक होते. आईला काय वाटेल? त्याला उत्तर आहे. विमा पत्नीच्या नावे करावा आणि मृत्युपत्रात आईसाठी वेगळी रक्कम लिहावी, उदाहरणार्थ ठेवीतले ३ लाख. मग ठेवीला नॉमिनी लावताना त्या रकमेइतका, म्हणजे २५ टक्के, वाटा आईच्या नावे ठेवावा. हे करताना आईशी, पत्नीशी आणि दोन्ही मुलांशी समोर बसून बोलावे. कोणाला किती आणि का, हे त्यांनी कुटुंबप्रमुखाच्याच तोंडून ऐकलेले असेल, तर नंतर कागदाचा अर्थ लावत बसण्याची पाळी कोणावर येणार नाही.