टाचणाला जोडलेली अर्ध्या पानाची चिठ्ठी

विस्तार अधिकारी वर्गात आले की आधी टाचणवही मागतात. आजच्या तारखेला काय लिहिले आहे आणि फळ्यावर काय चालले आहे, हे ते ताडून पाहतात. टाचणाचे रकाने ठरलेले असतात: घटक, अध्ययन निष्पत्ती, साहित्य, अध्ययन अनुभव, मूल्यमापन. एका तासाला एक वर्ग आणि एक घटक, असे हे रकाने धरून चालतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार मात्र पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर शिक्षक दोनच. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग येतात आणि टाचण तिथेच चौकटीबाहेर जाते. अशा वेळी टाचणाला अर्ध्या पानाचे टिपण जोडावे आणि ते भेटीच्या आधीच लिहिलेले असावे. विचारल्यावर दिलेले कारण सबबीसारखे वाटते.

समजा, तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. तिसरीत अकरा मुले आहेत. टिपण असे लिहिता येईल:

‘महोदय, आज तिसरीचा नियोजित घटक गुणाकार होता. तो घेतलेला नाही. काल ५२ वजा २७ हे उदाहरण दिले असता अकरापैकी सात मुलांनी उत्तर ३५ लिहिले. त्यांच्या वह्या सोबत ठेवल्या आहेत. आज व उद्या काड्यांच्या गठ्ठ्यांवर वजाबाकी घेत आहे. त्या वेळी चौथीला स्वयंअध्ययनाची कार्डे दिली आहेत, म्हणून अध्ययन अनुभवाच्या रकान्याचे दोन भाग केले आहेत. परवा पाच उदाहरणांची चाचणी घेऊन गुणाकार सुरू करीन.’

या टिपणाचा सगळा भार ३५ या आकड्यावर आहे. मुलांनी दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातूनच दोन वजा केले. चूक आकडेमोडीची नाही, दशक सुटा करायचा असतो हेच कळलेले नाही. म्हणून काड्या लागतात. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या. एक गठ्ठा सोडला की चार गठ्ठे आणि बारा काड्या होतात. त्यांतून सात काड्या आणि दोन गठ्ठे काढले की पंचवीस उरतात.

‘मुले कच्ची आहेत’ एवढेच लिहिले असते, तर अधिकाऱ्याला तपासायला काहीच मिळाले नसते. इथे त्याला वह्या उघडता येतात, एखाद्या मुलाला काड्या देऊन ६० वजा २४ करायला सांगता येते. मुलाने गठ्ठा सोडला तर बदल कामी आला. त्याने ४४ लिहिले तर जुनीच चूक शिल्लक आहे.

टिपणाची खरी कसोटी शेवटच्या वाक्यावर लागते. ‘परवा’ हा शब्द तिथे नसेल, तर दोन दिवसांची वजाबाकी पंधरा दिवस चालते आणि गुणाकार मागे पडतो.