पावसाळी चप्पल घेताना तळ बघा

दुकानात आपण चपलेचा रंग आणि पट्टा बघतो. ती उलटी करून तळ मात्र क्वचितच पाहतो. ओल्या फरशीवर पाय सरकतो, कारण तळ आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. तळावरच्या खाचा त्या पाण्याला बाहेर जायला वाट देतात. म्हणून खाचा कडेपर्यंत उघड्या हव्यात. मधेच बंद झालेली नक्षी नुसती शोभेची.

दुसरी गोष्ट मऊपणाची. तळावर अंगठ्याचे नख दाबा. रबर किंचित दबून परत वर आले तर ते फरशीला धरेल. प्लास्टिकसारखा कडक, चकचकीत तळ असेल तर ती जोडी ठेवून द्या. बाथरूमसाठी बारीक, जवळजवळ खाचा चांगल्या. चिखल-शेवाळाच्या रस्त्यावर त्या लगेच भरतात, तिथे खोल, रुंद खाचा आणि टाचेमागे पट्टा हवा. एकच जोडी दोन्हीकडे वापरू नये. साबणाच्या फेसावर मात्र चांगला तळही घसरतो, त्यामुळे फरशी धुऊन घ्यावीच.

फेसासारखी हलकी स्लीपर लवकर झिजते, तीही आधी टाचेकडे. तिथल्या खाचा सपाट झाल्या की पट्टा शाबूत असला तरी चप्पल बदला. घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांच्या स्लीपरचे तळ आजच उलटून पाहा.