एक वर्ष कमी तास : वरिष्ठांना लिहायचे पत्र

भारतात खासगी नोकरीत कामाचे तास कमी करून मागण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही. प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद 2017च्या दुरुस्तीने आली, पण तीही मालकाच्या संमतीवर अवलंबून आहे. जर्मनीत 2019पासून काही अटींवर 1 ते 5 वर्षे कमी तास काम करून पुन्हा पूर्ण वेळ रुजू होण्याचा हक्क मिळतो. आपल्याकडे मात्र हे सगळे एका पत्रावर ठरते. म्हणून ते पत्र विनंतीअर्जासारखे न लिहिता प्रस्ताव म्हणून लिहावे लागते.

पुण्यातल्या एका कंपनीच्या हिशेब विभागातली, 8 वर्षे नोकरी झालेली कर्मचारी हे कल्पित उदाहरण घेऊ. आईला पक्षाघाताचा झटका आला आहे आणि मंगळवारी व गुरुवारी दुपारी फिजिओथेरपीला न्यावे लागते. आठवड्याचे 40 तास 32वर आणायचे आहेत. अशा पत्रात कारणाला दोन-तीन वाक्ये पुरतात. कारण पटले तरी वरिष्ठांची अडचण तशीच राहते, कारण त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो तो उरलेल्या 8 तासांचे काम कोण करणार हा.

त्यामुळे पत्राचा बराचसा भाग कामाच्या वाटणीला द्यावा. बँकेच्या नोंदींचा रोजचा ताळमेळ आठवड्याला 5 तास खातो, पुरवठादारांच्या थकबाकीच्या चौकशा 3 तास. ही दोन कामे कनिष्ठ सहकाऱ्याकडे जातील, त्याला आधीच्या महिन्यात शिकवले जाईल, आणि जीएसटी विवरणपत्रे स्वतःकडेच राहतील, असे नेमके लिहिता येते. त्या सहकाऱ्याशी मात्र आधी बोललेले असावे. पत्रातूनच त्याला हे कळले, तर पुढचे वर्ष दोघांनाही जड जाते.

मग येते देवाणघेवाण. पगार तासांच्या प्रमाणात 80 टक्के होईल. दरमहा 80,000 असेल तर 64,000, म्हणजे कंपनीचे वर्षाला 1,92,000 रुपये वाचतील. त्यातून अर्धवेळ मदतनीस घेता येईल, हेही सुचवावे. पण पैशापेक्षा वजनदार ठरते ती वेळेची हमी : “महिन्याच्या 7 तारखेला टीडीएसचा भरणा, 11 आणि 20 तारखेला जीएसटीची विवरणपत्रे असतात. त्या दिवशी मंगळवार किंवा गुरुवार आला तर मी पूर्ण दिवस थांबेन आणि त्या आठवड्यातली अर्धी सुट्टी दुसऱ्या दिवशी घेईन. वर्षअखेरीच्या कामासाठी एप्रिलचे पहिले दोन आठवडे पूर्ण वेळ येईन.” ज्या दिवशी विभाग अडू शकतो तो दिवस कर्मचाऱ्याने आपणहून ओळखलेला दिसला की होकार देणे सोपे जाते.

देताना कुठे थांबायचे, हेही ठरवून ठेवावे. “गरज पडेल तेव्हा फोनवर उपलब्ध राहीन” हे वाक्य भल्या मनाने लिहिले जाते आणि तेच महागात पडते. पगार 80 टक्के आणि काम पूर्ण, अशी गत होते. त्याऐवजी अर्ध्या दिवसांना संध्याकाळी 6 ते 6.30 अशी ठरावीक वेळ द्यावी.

पैशाची एक बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात : मूळ वेतन व महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षे. मूळ वेतन 40,000 असताना 8 वर्षांचे सुमारे 1,84,600 रुपये होतात. तेच 32,000 झालेले असताना नोकरी सुटली तर सुमारे 1,47,700. म्हणजे पूर्ण वेळ राबलेल्या वर्षांचाही हिशेब कमी पगाराने होतो. कायद्यापेक्षा चांगल्या अटी लेखी करारात घालता येतात. म्हणून या वर्षात नोकरी सुटल्यास ग्रॅच्युइटी आधीच्या पूर्ण पगारावर धरावी, ही मागणी पत्रातच करावी. वैद्यकीय विमा आणि रजांचे काय, हेही त्याच परिच्छेदात विचारून घ्यावे.

शेवटी तारखा. “साधारण वर्षभर” असे मोघम न लिहिता सुरुवातीचा आणि पूर्ण वेळ परतण्याचा दिवस लिहावा, आणि परतताना वेगळ्या मंजुरीची गरज नाही हेही नमूद करावे. नाहीतर कमी पगारच कायमचा होऊन बसण्याची भीती असते. तीन महिन्यांनी आढावा ठेवावा. कचरणारे वरिष्ठ वर्षाला नाही म्हणतात, पण तीन महिन्यांच्या प्रयोगाला बऱ्याचदा तयार होतात. होकार तोंडी मिळाला तरी मनुष्यबळ विभागाकडून सुधारित अटींचे पत्र घ्यावे, कारण वरिष्ठांची बदली झाली की तोंडी शब्दाला कोणी वाली उरत नाही.

आढाव्यासाठी पहिल्या दिवसापासून तासांची नोंद ठेवावी. आठवड्याला 32ऐवजी सातत्याने 37-38 तास भरत असतील, तर कामाची वाटणी कागदावरच राहिली आहे. अशा वेळी आणखी एक काम काढून देणे किंवा पगार तासांप्रमाणे वाढवून घेणे, हे दोनच मार्ग उरतात.