एक्केचाळीस नंबर गेला, बारा नंबर राहिला

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या रात्रीच्या एका गाडीवर माझ्या ओळखीच्या दोन घरांनी एकाच तारखेची स्लीपरची तिकिटं काढली होती. मुंबईचं जोडपं थेट नागपूरला निघालं होतं, त्यांना वेटिंग 41 आणि 42 मिळालं. जळगावचं चौघांचं कुटुंब वर्ध्याला लग्नाला निघालं होतं, त्यांचं वेटिंग 12 पासून सुरू होत होतं. वीस दिवस जळगावकर निर्धास्त होते. बाराच तर आहे, होऊन जाईल. प्रत्यक्षात चार्ट लागला तेव्हा मुंबईचे दोघे गाडीत बसले आणि जळगावच्या चौघांना आयत्या वेळी एसटी शोधावी लागली.

यात कुणाचा वशिला नव्हता. आकड्याच्या शेजारी चार इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती त्यांनी वाचली नव्हती, एवढंच. मुंबईकरांच्या तिकिटावर `GNWL` होतं, जळगावकरांच्या तिकिटावर `PQWL`.

वेटिंग लिस्ट म्हणजे एका गाडीची एकच रांग, असा आपला समज असतो. तसं नसतं. गाडीतले बर्थ आधीच वेगवेगळ्या कोट्यांत वाटलेले असतात आणि प्रत्येक कोट्याच्या दाराशी वेगळी रांग असते. तुमचा नंबर त्या एका रांगेतला असतो. शेजारच्या रांगेतल्या कुणी तिकीट रद्द केलं म्हणून तुम्ही पुढे सरकत नाही.

`GNWL` ही जनरल कोट्याची रांग. गाडी जिथून सुटते तिथून, किंवा त्याच्या जवळपासच्या स्टेशनांवरून, शेवटपर्यंत जाणाऱ्यांना सहसा ती मिळते. सर्वांत जास्त बर्थ याच कोट्यात असतात, त्यामुळे तिकिटं रद्द होण्याचं प्रमाणही इथेच मोठं आणि रांग सरकतेही सर्वांत वेगाने. `PQWL` ही पूल कोट्याची रांग. मधल्या स्टेशनांवरून मधेच कुठेतरी उतरणाऱ्यांसाठी किंवा अर्ध्या वाटेच्या प्रवासासाठी थोडे बर्थ राखलेले असतात आणि बरीच स्टेशनं मिळून तेवढेच बर्थ वाटून घेतात. समजा या कोट्यात वीस बर्थ आहेत. त्यांतले बारा रद्द झाल्याशिवाय बारावा नंबर लागणार नाही, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी प्रवासाचा बेत मोडायला हवा. लग्नसराईत एवढे बेत मोडत नाहीत. `RLWL` ही वाटेतल्या एखाद्या मोठ्या स्टेशनाला स्वतंत्र दिलेल्या कोट्याची रांग. तिचंही दुखणं तेच, बर्थ मोजके.

आता मुंबईच्या जोडप्याचं तिकीट नीट वाचू. तिकीट काढताना स्क्रीनवर `GNWL96/WL41` असं दिसत होतं. पुष्कळ जण इथे गोंधळतात. डावीकडचा 96 हा रांगेत तुम्हाला दिलेला क्रमांक, तो कायमचा. उजवीकडचा 41 ही तुमची आजची जागा. तुमच्या आधी 95 जणांना वेटिंगची तिकिटं दिली गेली, त्यांतले 55 आतापर्यंत रांगेतून गेले. काहींना जागा मिळाली, काहींनी कंटाळून तिकीट रद्द केलं. दोन्ही प्रकारांत फायदा तुमचाच.

या दोन आकड्यांमधलं अंतर फार उपयोगी असतं आणि बहुतेक लोक ते पाहतच नाहीत. 2024 च्या नोव्हेंबरपासून आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं. या जोडप्याने तिकीट काढलं वीस दिवस आधी. म्हणजे चाळीस दिवसांत रांग 55 ने सरकली होती, दिवसाला साधारण सव्वा ते दीड. त्याच चालीने उरलेल्या वीस दिवसांत आणखी पंचवीस-तीस नंबर जातील, असा अंदाज बांधता येत होता. शेवटच्या दोन-तीन दिवसांत चाल वाढते. ज्यांनी दोन गाड्यांची तिकिटं काढून ठेवलेली असतात, ते तेव्हाच एक सोडतात. झालंही तसंच. आदल्या दिवशी त्यांचं वेटिंग 6 वर आलं होतं.

पण वेटिंग शून्यावर आलं म्हणजे लगेच झोपायला बर्थ मिळतो असं नाही. मधे आरएसीची पायरी आहे. स्लीपरच्या डब्यातले काही बाजूचे खालचे बर्थ रेल्वे दोघांना मिळून देते, दिवसा दोन खुर्च्यांसारखे. 2017 पासून स्लीपरच्या एका डब्यात असे सात बर्थ आणि थर्ड एसीत चार ठेवले जातात. समजा गाडीला 80 बर्थचे सहा स्लीपर डबे आहेत. एकूण बर्थ 480, त्यांतले 42 आरएसीचे, त्यावर 84 माणसं. कुणी पक्कं तिकीट रद्द केलं की आरएसी 1 ला पूर्ण बर्थ मिळतो, मागचे सगळे एकेक पायरी चढतात आणि वेटिंग 1 आरएसीच्या शेपटाला येऊन बसतो.

म्हणून वेटिंग 41 ला गाडीत शिरायला 41 जण कमी व्हायला हवेत. पूर्ण बर्थ हवा असेल तर आणखी 84, म्हणजे एकूण सव्वाशे. पहिली गोष्ट साध्या आठवड्यात सहज होते. दुसरीची खात्री धरू नये. जोडप्याला चार्टमध्ये आरएसी मिळालं, एकाच बर्थवर दोघांना समोरासमोर. आरएसीचं तिकीट असलं की प्रवासाचा हक्क पक्का असतो, ते वेटिंग नव्हे. भाडं मात्र पूर्ण लागतं. गाडीत जे प्रवासी आलेच नाहीत, त्यांचे बर्थ टीसी आरएसीवाल्यांना क्रमाने देतो. नाशिक सोडल्यावर या दोघांपैकी एकाला वरचा बर्थ मिळाला आणि दुसऱ्याला खालचा अख्खा.

मग किती नंबरपर्यंत आशा धरावी? गाडीगाडीत फरक पडतो, पण वर्षानुवर्षं तिकिटं काढून माझा एक हिशेब बसला आहे. त्या वर्गातल्या एकूण बर्थच्या दहा टक्क्यांपर्यंतचा `GNWL` नंबर साध्या दिवसांत बहुधा गाडीत चढवतो. दहा ते वीस टक्के म्हणजे जुगार. त्यापुढे दुसरी सोय बघावी. गणपती, दिवाळी, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या असतील तर हे आकडे निम्म्यावर आणावेत, कारण गणपतीला कोकणात निघालेला माणूस बेत बदलत नाही. `RLWL` आणि `PQWL` मध्ये पाच-सहाच्या पुढे मी विसंबून राहत नाही. थर्ड एसीचे दोनच डबे असतील तर तिथला वीस नंबर स्लीपरच्या पन्नाशीहूनही जड, हेही लक्षात ठेवावं. आकडा डब्यांच्या संख्येशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

`TQWL` म्हणजे तत्काळचं वेटिंग. त्याला आरएसीची पायरीच नाही, थेट बर्थ मिळायला हवा. चार्ट करताना पहिला मान जनरल वेटिंगचा असतो. शिवाय पक्कं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे ते सहसा कुणी रद्दच करत नाही. दोन-चारच्या वर `TQWL` दिसलं तर मी तिकीट काढत नाही.

सगळा निकाल लागतो चार्टच्या वेळी. पूर्वी चार्ट गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागायचा. 2025 च्या जुलैपासून तो त्याहून बराच आधी, आणि दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाड्यांचा आदल्या रात्रीच लागू लागला. त्या वेळी तातडीच्या कोट्यातले न वापरलेले बर्थ मोकळे होतात आणि वेटिंगला एकदम उडी मिळते. आदल्या दिवशी 6 वर असलेलं जनरल वेटिंग म्हणून घाबरण्याजोगं नसतं. बर्थ थोडे मोकळे झाले तर `PQWL` ची पाळी मात्र क्वचितच येते. जळगावकरांचं 12 त्या रात्री 7 वर अडकलं.

ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरची सगळी नावं वेटिंगवर राहिली तर ते आपोआप रद्द होतं आणि स्लीपरला माणशी 60 रुपये कापून भाडं खात्यात परत येतं. मग ते तिकीट घेऊन जनरल डब्यातही बसता येत नाही, कारण तिकीट उरलेलंच नसतं. खिडकीवरच्या तिकिटाचं उलटं आहे. ते आपोआप रद्द होत नाही. त्यावर जनरल डब्यातून जाता येतं, पण पैसे हवे असतील तर गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द करावंच लागतं. आरक्षित डब्यात मात्र वेटिंगच्या कोणत्याही तिकिटावर चढू नये, उतरवतात आणि दंडही करतात.

जळगावच्या कुटुंबाला एक वाट होती. मुंबई ते नागपूर असं तिकीट काढून त्यावर चढण्याचं स्टेशन जळगाव टाकायचं आणि उतरायचं वर्ध्याला. भाडं जास्त पडलं असतं, नंबरही बाराऐवजी चाळिशी-पन्नाशीतला मिळाला असता, म्हणून वाईट वाटला असता. पण तो `GNWL` चा नंबर असता आणि त्या रात्री मुंबईचा 41 गाडीत चढलाच होता. चढण्याचं स्टेशन तिकीट काढतानाच निवडता येतं. एकदा बदललं की मूळ स्टेशनावरून चढण्याचा हक्क जातो, एवढंच ध्यानात ठेवावं.

भाड्याचे पैसे भरण्याआधी ती चार अक्षरं वाचा. तीच गाडी, तीच तारीख, पण वेगवेगळी स्टेशनं टाकून दोन-तीनदा उपलब्धता पाहा आणि कुठे `GNWL` येतंय ते शोधा.